मिन्नू, मंगळसूत्र आणि शब्द: लग्न नेमकं कशानं लागतं?

«ताई, माझं लग्न पुढच्या वर्षी आहे. मी मराठी हिंदू, तो केरळचा सिरो-मलबार कॅथलिक. आई म्हणते, मंगळसूत्र आणि सप्तपदी नसेल तर ते लग्नच नव्हे. त्याची अम्मा म्हणते, चर्चमध्ये मिन्नू, म्हणजे त्यांच्याकडचं मंगळसूत्र, गळ्यात बांधलंच पाहिजे. हार आणि अंगठ्या दोघींनाही हव्यात. म्हणजे माझ्या गळ्यात दोन धागे आणि त्याच्या बोटात एक अंगठी. हा हिशेब मला खुपतो. खरं लग्न यातल्या कशानं लागतं? आणि बाकी सगळं सोडून आम्ही नुसते हार घातले तर चालेल का?
— दोन धाग्यांमधली»

नुसते हार घालून लग्न लागतं, पण तामिळनाडूत, आणि तेही दोघं हिंदू असतील तर. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत लोक भटजीशिवाय लग्नं लावत. त्या लग्नांना कायद्याचा आधार मिळावा म्हणून 1967 साली तिथल्या विधानसभेनं हिंदू विवाह कायद्यात 7-अ हे कलम घातलं. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांच्या समोर दोघांनी एकमेकांना समजणाऱ्या भाषेत «मी तुला स्वीकारतो, स्वीकारते» म्हणावं, किंवा एकमेकांना हार घालावा, किंवा एकमेकांच्या कुठल्याही बोटात अंगठी घालावी, किंवा थाळी, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधावी. यांतलं एक झालं की लग्न पूर्ण. होम नको, पुरोहित नको.

तुमच्या लग्नाला हे कलम लागू नाही. तरी ते आधी सांगितलं, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. तामिळनाडूत एका हारानं लग्न लागू शकतं, आणि आपल्याकडे मंगलाष्टकं संपून हार घातले तरी भटजी म्हणतात, अजून पुष्कळ बाकी आहे. हार तोच, फुलं तीच. फरक आहे तो त्या परंपरेनं लग्नाचा भार कुठल्या कृतीवर टाकलाय याचा. मी पौरोहित्य करते, आणि दोन घरांचे दोन धर्म असले की पहिल्या बैठकीत मी हेच विचारते: तुमच्याकडे लग्न कुठल्या क्षणी लागतं? बहुतेकांना सांगता येत नाही. आठवतात ते दागिने आणि फोटो.

अंगठीचंच घे. ज्यू लग्नात अंगठी ही शोभेची वस्तू नाही, तिच्यानंच लग्न लागतं. म्हणून तिचे नियम कडक आहेत. अंगठी वराच्या स्वतःच्या मालकीची हवी, उसनी चालत नाही. ती साधी, खडा नसलेली असते, कारण खड्याची किंमत वधूला नजरेनं कळत नाही आणि तिनं काय स्वीकारलं याबद्दल शंका राहता कामा नये. वर ती तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घालतो, ठरलेलं वाक्य म्हणतो, आणि हे पाहायला दोन साक्षीदार लागतात. कॅथलिक लग्नातही अंगठी असते, पण तिथे ती घालायच्या आधीच दोघांनी संमतीचे शब्द उच्चारलेले असतात. अंगठी येते ती त्या शब्दांची खूण म्हणून. विसरली तरी लग्न अडत नाही. मुसलमानांच्या निकाहात अंगठीला जागाच नाही. एका बाजूनं प्रस्ताव, दुसऱ्या बाजूनं कबुली, साक्षीदार आणि मेहेर, एवढ्यावर निकाह उभा असतो. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर परंपरेप्रमाणे वधूवर शपथेचे शब्द मोठ्यानं म्हणतही नाहीत. अंगठ्या वाङ्‌निश्चयाच्या विधीत होतात आणि लग्नाचा मुख्य विधी असतो डोक्यावर मुकुट ठेवण्याचा.

आता तुमची दोन घरं.

आईच्या बाजूनं पाहिलं तर भार आहे सातव्या पावलावर. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं की ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण आणि बंधनकारक होतं. मंगळसूत्राचा त्या कलमात उल्लेखही नाही. जुन्या गृह्यसूत्रांत पाहायला गेलीस तरी तिथे पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, दगडावर पाय ठेवणं आहे, ध्रुवाचा तारा दाखवणं आहे, सप्तपदी आहे. मंगळसूत्र बांधायचा विधी मात्र नाही, तो मागाहून आला. आईला हे ऐकून धक्का बसेल, म्हणून तिच्याशी बोलताना हा मुद्दा वाद जिंकायला वापरू नकोस. मंगळसूत्र उशिरा आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ते लग्न लावण्यासाठी नसून लग्न झालंय हे रोजच्या जगण्यात दिसावं म्हणून आहे, एवढंच तिला समजलं तरी पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

सप्तपदीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण फेरे आणि सप्तपदी यांची हल्ली सर्रास गल्लत होते. अग्नीभोवती फिरणं वेगळं. आपल्याकडे सप्तपदीला तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते, वर तिच्या सोबत. प्रत्येक पावलाला एक मागणं आहे. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनाच्या वाढीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी, म्हणजे सगळे ऋतू दोघांनी मिळून पाहावेत म्हणून. सातव्या पावलाला काही मागत नाहीत. तिथे वर तिला म्हणतो, «सखा सप्तपदी भव», सातव्या पावलानं माझी सखी हो. सहा पावलं संसाराला काय काय लागतं ते सांगतात आणि कायदा ज्या पावलाला लग्न पूर्ण झालं म्हणतो, ते पाऊल मैत्रीचं आहे. मला हा विधी फार प्रिय आहे. मंडपात नेमकं याच वेळी निम्मी माणसं पंगतीला गेलेली असतात, याचं वाईट वाटतं.

पण तुमच्या बाबतीत या पावलाला कायद्याचं बळ नाही. हिंदू विवाह कायद्यासाठी दोघंही हिंदू असावे लागतात. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तीचं लग्न या कायद्याखाली वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली स्पष्ट केलंय. त्यामुळे तू सप्तपदी केलीस, फोटो काढलेस, नोंदणीच्या कचेरीत हिंदू विवाह म्हणून कागद दिलास, तरी उद्या वारसाचा किंवा पोटगीचा प्रश्न आला तर पायाखालची जमीन सरकेल. मिश्र लग्नांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. विधी मनासारखे होतात आणि कायद्याच्या दृष्टीनं लग्नच झालेलं नसतं.

अम्माच्या बाजूनं पाहू. सिरो-मलबार चर्च कॅथलिक आहे, पण पूर्वेकडच्या परंपरेतलं. तिथे दोघांची संमती हवीच, आणि त्यासोबत धर्मगुरूचा आशीर्वादही लग्न वैध व्हायला लागतो. मिन्नू हा त्यानंतरचा, पण त्या लोकांच्या मनात खोल रुजलेला भाग आहे. तू तो जवळून पाहिला नसशील, म्हणून सांगते. पानासारख्या आकाराचं सोन्याचं अगदी लहानसं पदक, त्यावर बारीक मण्यांनी उठवलेला क्रूस. वधूला वराकडून जी साडी मिळते तिला मंत्रकोडी म्हणतात. तिच्यातून सात धागे ओढून काढतात, ते एकत्र पिळतात, आणि त्या पिळात मिन्नू ओवतात. धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात, वर तो तिच्या गळ्यात बांधतो, आणि तीच मंत्रकोडी तिच्या डोक्यावर पांघरतो. पुढे सवडीनं मिन्नू धाग्यातून काढून सोन्याच्या साखळीत घालतात. ही थाळीची रीत ख्रिस्ती लोकांनी केरळातल्या हिंदू शेजाऱ्यांबरोबर राहता राहता आपली केली आणि तिच्यावर आपला क्रूस ठेवला.

म्हणून «दोन धर्मांचे दोन धागे» असं तू समजतेस तितकं ते वेगळं नाही. तमिळ घरांत हळदीनं पिवळा केलेला दोरा तीन गाठींनी बांधतात आणि पुष्कळ ठिकाणी शेवटची गाठ वराची बहीण मारते. आपल्याकडे काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून आणि दोन वाट्या सासर-माहेरच्या, असं सांगतात. अनेक घरांत एक वाटी माहेरकडून येते आणि एक सासरकडून. दख्खनमधल्या मुसलमान घरांतही लग्न झालेल्या बायका काळ्या पोतीचा लच्छा घालत आल्या आहेत. दक्षिणेकडच्या आणि दख्खनच्या मातीत गळ्यातला धागा ही लग्न झालेल्या बाईची खूण आहे, आणि ज्या धर्माचे लोक इथे राहिले त्यांनी ती आपापल्या परीनं उचलली. तुझ्या आईच्या आणि अम्माच्या हट्टामागे एकच समजूत आहे. दोघींना एकत्र बसवून मिन्नू आणि मंगळसूत्र शेजारी शेजारी ठेवून दाखव. वाद तेवढ्यानं मिटेलच असं नाही, पण बोलणं «आमचं की त्यांचं» यावरून हलेल.

तुझ्या मनात खुपतंय ते मात्र खरं आहे, आणि त्यावर मी मलम लावणार नाही. गळ्यातला धागा एकतर्फी आहे. बाईच्या अंगावर लग्न दिसतं, पुरुषाच्या अंगावर दिसत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अंगठीची कथा तीच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवत. ती मिळायची बाईला. अमेरिकेसारख्या देशातही नवऱ्यानं लग्नाची अंगठी घालायची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. म्हणजे आज आपण जिला बरोबरीची खूण समजतो ती अंगठीसुद्धा शतकानुशतकं एकाच हातात होती. खुणा बदलतात, माणसं बदलतात तशा. त्यानं अंगठी रोज घालायची आणि तू धागा रोज घालायचा, किंवा दोघांनी रोज फक्त अंगठी घालायची आणि धागा सणावारी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे आणि लग्नाआधी ठरवायचं आहे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात कुणीतरी «गळा मोकळा का?» म्हणेल, तेव्हा उत्तर त्यानं द्यायचं, तू नव्हे. हेही त्याच्याशी आत्ताच बोलून ठेव.

बरोबरी हवी असेल तर ती दागिन्यांपेक्षा शब्दांत आणणं सोपं आहे, आणि मराठीत त्याची परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याच वर्षी, 1873 च्या डिसेंबरात, भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि वर ते हक्क देण्याची शपथ घेतो. भटजी संस्कृतात काही म्हणतात आणि दोघं मान डोलावतात, असं तिथे नाही. तू तुझं मंगलाष्टक लिहवून घेणार असशील तर त्यात दोघांचे आवाज असू देत. एक कडवं मल्याळममध्ये असलं तर अम्मालाही ते आपलं वाटेल.

आता एका वचनाबद्दल, जे ना फोटोत येतं ना कुणाच्या गळ्यात दिसतं. माझ्या मते तुमच्या लग्नातली सगळ्यात जड गोष्ट तीच आहे. तुझा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून चर्चमध्ये लग्न लागण्यासाठी बिशपची खास सूट लागते. ती नसेल तर मिन्नू, अंगठ्या, मंत्रकोडी सगळं झालं तरी चर्चच्या लेखी ते लग्न होत नाही. ही सूट देताना कॅथलिक जोडीदाराकडून वचन घेतात की तो आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून त्याच्याकडून होईल ते सगळं करेल. तुला कुठलंही वचन द्यावं लागत नाही. पण त्यानं काय वचन दिलंय हे तुला वेळेवर सांगितलं गेलंच पाहिजे, असा चर्चचा नियम आहे. त्यानं तुला सांगितलंय का? नसेल तर मुद्दाम लपवलंय असं धरून बसू नकोस. पुष्कळ मुलांना फादरांसमोर बसेपर्यंत हे ठाऊक नसतं. पण हारांचे रंग ठरवण्याआधी ही एक संध्याकाळ तुम्ही दोघांनी काढा. मुलांचं काय, हा प्रश्न गळ्यातल्या धाग्यापेक्षा शंभर पटीनं मोठा आहे.

दुसरा एक नियमही आधी कळलेला बरा. चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर, संमती देण्यासाठी किंवा ती पुन्हा उच्चारण्यासाठी दुसरा धार्मिक विवाहविधी करायला कॅथलिक चर्चची मनाई आहे. एकाच विधीत फादर आणि भटजी दोघांनी संमती विचारायलाही मनाई आहे. त्यामुळे सकाळी चर्च आणि संध्याकाळी पूर्ण वैदिक विवाह, होम आणि सप्तपदीसह, असा बेत बऱ्याच घरांत ठरतो आणि लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना फादर नाही म्हणतात. तेव्हा सगळे चिडतात आणि त्या चिडण्याला धर्माचा रंग येतो.

यातून वाट आहे, आणि ती मला खरंच चांगली वाटते. विशेष विवाह कायदा, 1954. याचं बारावं कलम लोक वाचत नाहीत. त्यात म्हटलंय की लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीनं लावा. अट एकच: विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, दोघांनी एकमेकांना म्हणायचं, «मी अमुक, तुला तमुकला, माझी कायदेशीर पत्नी (माझा कायदेशीर पती) म्हणून स्वीकारतो (स्वीकारते).» हे वाक्य झालं की लग्न लागलं. शिवाय ते कचेरीतच व्हायला हवं असंही नाही. जास्तीची फी भरून अधिकाऱ्याला कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावता येतं.

म्हणजे तुमचा मराठी दिवस असा मांडता येईल. समोरासमोर दोघं उभी, मध्ये कुंकवानं स्वस्तिक काढलेला अंतरपाट. तुम्ही लिहवून घेतलेली मंगलाष्टकं. शेवटच्या «सावधान»ला अक्षता, अंतरपाट दूर, आणि हार. हारात वचन काहीच नाही. तो स्वयंवराची आठवण आहे, समोर पाहिलं आणि निवडलं, एवढंच सांगतो, आणि म्हणूनच तो कुठल्याही धर्माच्या माणसाला घालता येतो. (एक कळकळीची विनंती: मित्रांना सांग, त्याला खांद्यावर उचलू नका. निवडीच्या क्षणी वधूला उड्या मारायला लावणं हे मला बघवत नाही.) हार झाले की अधिकाऱ्यासमोर ते एक वाक्य, त्यानं मराठीत म्हणायचं, तू मल्याळममध्ये. दोघांनी दोन्ही वाक्यांचा अर्थ आधी नीट समजून घ्या, कारण भाषा दोघांना समजणारी हवी ही कायद्याचीच अट आहे. मग सह्या, तीन साक्षीदारांच्या सह्या, प्रमाणपत्र. आई एक साक्षीदार होऊ दे, अम्मा दुसरी. लग्न लागलं त्या क्षणाच्या साक्षीदार म्हणून दोघींची नावं कागदावर राहतील.

या दिवशी होम नाही, पुरोहित नाही, म्हणून हा नागरी विवाह झाला, धार्मिक नव्हे. सप्तपदी? आईला ती हवीच असेल तर संध्याकाळी घरी, मंत्रांवाचून, सात राशींवरून दोघांनी बरोबरीनं चालायचं आणि प्रत्येक पावलाचं मागणं घरातल्या एकेका वडीलधाऱ्यानं मराठीत वाचायचं. यात संमती कुणी विचारत नाही. तरीही ही कल्पना फादरांना आधी सांगा. काही फादर आनंदानं हो म्हणतील, काही म्हणतील नको, आणि नको म्हणाले तर मी तुझ्या जागी असते तर ती सोडली असती. तुमच्या लग्नात तिच्यावर कायद्याचा भार नाही, आणि सातव्या पावलाचं सख्य तुम्ही मंगलाष्टकात आणू शकता.

चर्चचा दिवस चर्चच्या पद्धतीनं होऊ दे, त्यात मिसळामिसळ करू नका. संमती, आशीर्वाद, मिन्नू, मंत्रकोडी, अंगठ्या. नागरी लग्न आधी होणार आहे हे मात्र फादरांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे कागदपत्रांत घोळ होणार नाही.

राहिलं मंगळसूत्र. धागा एकदाच बांधला जावा असं मला वाटतं, आणि तो चर्चमध्ये बांधला जाईल. मग आईच्या मंगळसूत्राचं असं करता येईल. मिन्नू सात धाग्यांतून काढून साखळीत घालायची वेळ येईल तेव्हा ती साखळी काळ्या मण्यांची करून घे. एका बाजूला आईनं दिलेली वाटी, दुसऱ्या बाजूला अम्मानं दिलेली, आणि मध्ये मिन्नू. सोनाराला सांगायची गोष्ट एवढीच की मिन्नूच्या कडीला डाग लावू नका, तो सुटा राहू दे, म्हणजे उद्या तुला तो वेगळा घालावासा वाटला तर काढता येईल. दोघींपैकी एकीला जरी हे रुचलं नाही तर जबरदस्तीनं जुळवू नकोस. मिन्नू रोजचा आणि मंगळसूत्र आईनं दिलेला दागिना म्हणून ठेवणीतला, हेही चालेल. आणि ते सात धागे टाकू नकोस. ते मंत्रकोडीच्या घडीत ठेवून दे.

तारखांचा क्रम उलटा धरून मोजा. दोघांपैकी एकानं तरी ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेलं असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लावतात, आणि तीस दिवसांत हरकत आली नाही तर लग्न लावता येतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून फार लवकरही देऊ नका. बिशपच्या परवानगीला आणि चर्चच्या विवाहपूर्व शिबिराला वेळ लागतो, ते काम मात्र आत्ताच सुरू करा. फादरांकडे जाताना दोघं मिळून जा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा: त्याला नेमकं कुठलं वचन द्यावं लागेल आणि त्याचा मजकूर तुला आधी वाचायला मिळेल का, नागरी लग्न चर्चच्या आधी किती दिवस झालेलं चालेल, आणि घरातल्या सात पावलांना त्यांची हरकत आहे का. उत्तरं लिहून घ्या आणि मगच हॉलची तारीख पक्की करा.